रशियाला निघण्याआधीची आठ-दहा अक्षरं

मेडिकलसाठी कझानला जायचं ठरलं तेव्हा नाशिकमध्ये माझ्या हातात सहा आठवडे होते. रशियन लिपीत ३३ अक्षरं आहेत आणि बाराखडी पाठ असलेल्याला ती जड जात नाहीत. खरी अडचण ओळखीच्या दिसणाऱ्या अक्षरांची.

आपल्याला इंग्रजी 'पी' दिसतो, तो तिथे 'र' असतो. 'एच' म्हणजे 'न', 'सी' म्हणजे 'स', 'बी' म्हणजे 'व', 'एक्स' म्हणजे 'ख' आणि 'वाय' म्हणजे 'ऊ'. एका पाटीवर पी-ई-सी-टी-ओ-पी-ए-एच अशी अक्षरं दिसतात. इंग्रजी डोळ्यांनी वाचलं तर काहीच हाती लागत नाही. एकेक अक्षर बदला: र, ए, स, त, ओ, र, आ, न. रेस्तोरान! म्हणून ही सहा फसवी अक्षरं आधी शिका, अगदी नवीन आकारांची नंतर. मी कॉलेज रोडवरच्या दुकानांची नावं रोज रशियन लिपीत वहीत उतरवायचे, त्याने हात आणि डोळा दोन्ही बसले.

पाट्यांपैकी दारावरच्या दोन सगळ्यात उपयोगी. 'क सिब्ये' म्हणजे स्वतःकडे, दार ओढा. 'अत सिब्या' म्हणजे स्वतःपासून दूर, दार ढकला. सगळं वाचायची गरज नाही, पहिलं अक्षर 'के' असेल तर ओढायचं, 'ओ' असेल तर ढकलायचं. स्वच्छतागृहावर 'एम' पुरुषांसाठी. बायकांसाठीचं अक्षर सहा पायांच्या किड्यासारखं दिसतं, उच्चार 'झाड'मधल्या 'झ'च्या जवळचा. कझानमध्ये बऱ्याच पाट्यांवर तातार भाषेचीही ओळ असते. एखादी ओळ लागली नाही तर घाबरू नका, दुसरी बघा.

वाक्यं मी कागदावरून नाही, ऐकून देवनागरीत लिहून घेतली. रशियनमध्ये आघात नसलेला 'ओ' बहुधा 'अ'सारखा ऐकू येतो. 'छान'साठीच्या शब्दात तीन 'ओ' लिहितात, पण म्हणतात 'खराशो'. 'स्कोल्का स्तोइत?' म्हणजे केवढ्याला, 'या नि पनिमायु' म्हणजे मला समजत नाही.

तिसरं वाक्य होतं 'नपिशीत्ये, पझालस्ता', कृपया लिहून द्या. इथेच मी अडले. पहिल्याच आठवड्यात घसा धरला म्हणून औषधाच्या दुकानात गेले. पाटीवरचं 'अप्त्येका' झटकन वाचलं. काउंटरवरच्या काकूंनी गोळी कशी घ्यायची ते प्रेमाने लिहून दिलं आणि मला त्यातलं एक अक्षर लागेना. हस्ताक्षरात 'त' इंग्रजी छोट्या 'एम'सारखा काढतात, 'द' छोट्या 'जी'सारखा, 'इ' छोट्या 'यू'सारखी. पाट्यांवरची छापील लिपी शिकून चिठ्ठी वाचता येत नाही. शेवटी मी बोटं दाखवून विचारलं, तेव्हा त्यांनी डबीवर आकडा लिहिला: ३.

तेव्हापासून त्या वाक्याला मी दोन शब्द जोडते, 'पिचात्निमी बुक्वामी', म्हणजे छापील अक्षरांत.