पीआर सरांकडे अडकलाय, आठवण कशी करायची? माझा अनुभव

मेंटेनन्सला नवीन जॉईन झालेल्यांसाठी लिहितोय. पीआर कसा टाकायचा, रिलीज म्हणजे काय हे तुम्हाला माहीत असेलच, ते सांगत बसत नाही. पीआर टाकल्यावर पंधरा दिवस काहीच हालत नाही आणि रोज सरांसमोरून जाताना विचारू का नको असं होतं, तेव्हाचं सांगतोय. त्यात मी वाईट अडकलो होतो, आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

चाकणच्या प्लांटला माझं दुसरं वर्ष. कंप्रेसर माझ्याकडे होते. एका स्क्रू कंप्रेसरचं सर्व्हिस किट मागवायचं होतं, ऑइल सेपरेटर, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि ऑइल. कोटेशन आलं, ४ तारखेला पीआर टाकला. १३ तारखेला मेल केला, "जेंटल रिमाइंडर, प्लीज डू द नीडफुल". उत्तर नाही. शॉपफ्लोरवर दोनदा विचारलं तर सर "बघतो" म्हणाले. मग एका सीनियरने सल्ला दिला, प्लांट हेडना सीसीत टाक, लगेच हलतं. १९ तारखेला मी तोच जुना मेल खाली तसाच ठेवून वर लिहिलं, "सर, पीआर ४ तारखेपासून आपल्याकडे पेंडिंग आहे, अजून अप्रूव्हल मिळालेलं नाही, मशिन बंद पडल्यास प्रॉडक्शनवर परिणाम होईल." आणि सीसीत प्लांट हेड.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये प्लांट हेडनी सर्वांसमोर सरांना विचारलं. मीटिंग संपून दहा मिनिटं झाली नसतील, पीआर रिलीज. मला वाटलं झालं काम.

पण सरांनी पीआर उगाच ठेवलेला नव्हता. कंप्रेसरचं एएमसी होतं आणि त्यात सेपरेटर येतो का हे त्यांनी सर्व्हिसवाल्यांना फोनवर विचारलेलं, तिकडून उत्तर यायचं होतं. चार दिवसांनी आलं, सेपरेटर एएमसीतच होता. तोवर पीओ गेलेला, मग पर्चेसवाल्यांच्या हातापाया पडून ती लाईन काढून पीओ अमेंड करून घेतला. सर मला रागाने एक शब्द बोलले नाहीत, पण पुढचे तीन-चार महिने माझा प्रत्येक पीआर ओळ न् ओळ तपासून जायचा, म्हणजे पूर्वीपेक्षा जास्तच उशीर.

हे नीट समजून घ्या कारण चूक इथेच होते. त्या मेलमधली सगळी वाक्यं खरी होती, शिवी नव्हती, "आपल्याकडे" असं आदरार्थीच होतं. तरी तो आरोपच होता, कारण मोजलेले दिवस सरांचे होते. "४ तारखेपासून", "अजून", "मिळालेलं नाही", या तिन्हींचा अर्थ एकच, तुम्ही उशीर केला. खाली जुना मेल ठेवला की तो पुरावा होतो. आणि सीसी म्हणजे साक्षीदार. अशा मेलने सही मिळते, नाही असं नाही, पण ती विचार न करता केलेली सही असते आणि नंतर काही निघालं तर पीआर टाकणारे तुम्हीच असता. "सीसीत टाक" सांगणाऱ्या सीनियरचं ऐकू नका, तो मेल त्याच्या नावाने जात नाही.

आता मी काय करतो ते सांगतो. आधी पीआर नक्की कुठे अडकलाय ते बघतो. सॅपमध्ये `ME53N` उघडून रिलीज स्ट्रॅटेजीचा टॅब बघा, कोणता रिलीज कोड बाकी आहे ते दिसतं. एकदा तर सरांनी कधीच रिलीज केलेलं होतं, अडकलं होतं पुढच्या लेव्हलला, आणि मी सरांनाच विचारायला निघालो होतो.

मग सरांचे दिवस सोडून कामाचे दिवस मोजायचे. ह्याच कंप्रेसरचं बघा. मॅन्युअलप्रमाणे सेपरेटर ४००० तासांना बदलायचा, ४ तारखेला मीटरवर ३१०० तास होते. दिवसाला साधारण २० तास चालतो म्हणजे ९०० तासांना ४५ दिवस. डिलिव्हरी ३ आठवडे, म्हणजे २१ दिवस. उरले २४, म्हणजे पीओ २८ पर्यंत जायला हवा, पर्चेसला ३ दिवस धरा, तर रिलीज २५ पर्यंत हवा. हे गणित मी तेव्हा केलंच नव्हतं! १९ तारखेला हातात अजून ६ दिवस होते, घबराट माझ्या डोक्यातली होती, मशिनची नाही.

२५ ही तारीख सरांना सांगायला सोपी आहे कारण ती तासांच्या मीटरने ठरवलेली आहे, मी नाही. आणि त्याच मेसेजमध्ये त्यांची शंका बाहेर यायला जागा ठेवायची. पुढच्या वेळी दुसऱ्या मशिनच्या सील किटसाठी मी व्हॉट्सॲपवर हे पाठवलं होतं:

"सर, सील किटचा पीआर आपल्याकडे रिलीजला आहे. कोटेशन २८ पर्यंत व्हॅलिड आहे, त्यामुळे २५ पर्यंत झाला तर याच रेटला मिळेल. काही कमी असेल किंवा सध्या होल्ड ठेवायचा असेल तर सांगा, मी त्याप्रमाणे करतो. कोटेशन सोबत पुन्हा जोडलंय."

अर्ध्या तासात उत्तर, "जुन्या किटचा रेट काय होता?" म्हणजे अडलं होतं ते एवढ्यावर. जुना पीओ काढून पाठवला, संध्याकाळी रिलीज. "होल्ड ठेवायचा असेल तर" हे नुसतं लिहायला लिहू नका, खरंच होल्ड म्हणाले तर ठेवायची तयारी हवी, नाहीतर पुढच्या वेळी त्यांना कळतं.

वेळेचं म्हणाल तर सकाळच्या मीटिंगच्या आधीची वेळ आणि मंथ एंडचे दिवस सोडून द्या. समोरासमोर विचारायचं असेल तर सर एकटे असताना, आणि पीआर नंबर कागदावर लिहून हातात द्या, तोंडी सांगितलेला नंबर कुणाच्याच लक्षात राहत नाही.

दोन शॉर्टकट अजिबात करू नका. "सर, आयडी द्या, मीच रिलीज करतो" हे तर नाहीच, आणि लिमिटच्या खाली यावा म्हणून एका पीआरचे दोन करणं पण नाही. ऑडिटमध्ये दोन्ही सापडतात.

घाबरूही नका, उशीर झालाय म्हणजे सर तुमच्यावर नाराज आहेत असं बहुतेक वेळा नसतंच. मात्र सेफ्टीचं काही असेल, गार्ड तुटलाय, रिलीफ व्हॉल्व्ह लीक आहे, तर हे मऊ मेसेज वगैरे विसरा, तिथल्या तिथे फोन करा आणि मशिन थांबवा. बाकी कामांत सांगितलेल्या तारखेच्या दोन दिवस आधीपर्यंत काहीच आलं नाही तर मी सरांनाच विचारतो, "सर, तुम्ही बिझी असाल तर हा कोणाकडून करून घेऊ?" सीसी न टाकता. बहुतेक वेळा ते स्वतःच करतात, एकदा रजेवर होते तेव्हा त्यांनीच प्लांट हेडना फोन करून सांगितलं.