गाण्यात पहिला नंबर आला, कॅप्शन काय टाकायचं?

इंदूरला गणपतीत मराठी मंडळांच्या गाण्याच्या स्पर्धा होतात, नंबर आला की फोटो टाकायची घाई असतेच, पण "सगळेच छान गायले" एवढ्यावर भागवू नका, ते कोणालाच आपलं वाटत नाही. त्यापेक्षा दुसऱ्याच्या गाण्यातली एक जागा आठवा आणि तीच लिहा, म्हणजे कळतं की तुम्ही खरंच बसून ऐकलंत. असं काहीतरी:

"काल अभंगात पहिला नंबर आला, खूप आनंद झालाय! दुसऱ्या आलेल्या ताई भीमपलासात कोमल गंधारावर जशा थांबल्या ना, ते अजून कानात आहे. तबला-पेटीवाल्या काकांनी आम्हा सगळ्यांनाच सांभाळून घेतलं, त्यांना मनापासून नमस्कार."

आनंद आधी आणि मोकळेपणाने लिहा. "मी लायक नव्हते" म्हटलं की निकालावरच शंका येते आणि दुसऱ्या नंबरवालीला उगाच चुटपुट लागते. "थोडक्यात हुकलं" वगैरे नको, गुण तर मुळीच नको. टॅग करायच्या आधी विचारा, लहान मुलं असतील तर त्यांच्या आईबाबांना. आणि हो, सगळ्यांचा ग्रुप फोटो पहिला लावा, ट्रॉफीचा नंतर.