वटपौर्णिमेला पत्नीला संदेश पाठवताना या चुका टाळा

वटपौर्णिमेच्या सकाळी पतीने पाठवलेला संदेश फसतो, तेव्हा त्याचे कारण बहुधा एकच असते: तो पत्नीला लिहिलेला असतो, पण त्यात पत्नी कुठेच नसते. एक नमुना पाहू. पत्नी ठाण्याच्या एका बँकेत काउंटरवर काम करते, उपवास धरूनही त्या दिवशी कामावर जाते आणि पती तिला लिहितो: ‘माझ्या सावित्रीला वटपौर्णिमेच्या हार्दिक शुभेच्छा! तुझ्या उपवासामुळेच मी सुखरूप आहे. सातही जन्मी तुझीच साथ लाभो.’

यात वाईट असे काही नाही, मात्र हाच मजकूर शेजारच्या घरातील गृहस्थांनीही जसाच्या तसा पाठवला तर कोणाला फरक कळणार नाही. शिवाय तिन्ही वाक्ये शेवटी पतीकडेच वळतात. उपवास तिचा, आयुष्य त्याचे आणि सात जन्मांची मागणीही त्याचीच.

सावित्रीची उपमा देताना तर विशेष जपावे. महाभारताच्या वनपर्वातील कथेत सत्यवानाला स्वतः निवडते ती सावित्री, त्याचे आयुष्य एकाच वर्षाचे उरले आहे असे नारदांनी सांगितल्यावरही आपल्या निवडीवर ठाम राहते तीच, आणि यमाच्या मागे चालत, त्याच्याशी बोलत बोलत आधी सासऱ्यांची दृष्टी व राज्य आणि वडिलांना पुत्र मागून घेऊन मग पतीचे प्राण परत मिळवते तीही तीच. या सगळ्या वेळात सत्यवान अचेतन पडलेला असतो. तेव्हा ‘तू माझी सावित्री’ असे लिहिणारा पती नकळत स्वतःला त्या जागी बसवतो. कथेचा आधार घ्यायचाच असेल, तर तिची निवड, तिचे बोलणे किंवा तिने सासर-माहेर दोहोंचा केलेला विचार यांपैकी आपल्या पत्नीत खरोखर दिसणारी एखादी गोष्ट उचलावी. नुसते नाव चिकटवू नये.

दुसरी चूक मोठ्या शब्दांची आहे. ‘मीही आज तुझ्यासाठी उपवास करतो’ हे आजकाल अनेक जण लिहितात आणि जो खरोखर करतो त्याने ते जरूर लिहावे. पण दुपारी कार्यालयाच्या कँटीनमध्ये मिसळ खाणार असेल, त्याने ते वाक्य गाळलेले बरे. ज्या घरात पत्नी हे व्रत करत नाही, तिथे ‘तुझ्या उपवासाबद्दल’ आभार मानणे म्हणजे तिच्याकडे आपले लक्ष नाही याची कबुलीच होय. सात जन्मांवरचे विनोद मात्र सरसकट टाळावेत, कारण पहाटेपासून पाणीही न घेतलेल्या माणसाला ‘हा सातवाच असू दे’ हे वाचून हसू येईलच, याची खात्री नाही.

आता वरचाच संदेश त्याच घरातून, पण तिच्याकडे पाहून लिहिला तर असा होतो:

‘अगं, पहाटे तू वाणाचं ताट भरत होतीस तेव्हा मी जागाच होतो. उपाशी पोटी लोकल धरून दिवसभर काउंटरवर बसायचं, हे सकाळपासून मनातून जात नाहीये. माझ्यासाठी जे मागितलंस ते तुलाही मिळो. संध्याकाळी चिऊला क्लासहून मी आणतो. साबुदाणा भिजवलाय, खिचडीही मीच करतो. तू आलीस की आधी जरा बस.’

यात ‘प्रेम’ हा शब्द नाही आणि त्याची गरजही पडलेली नाही. तिच्या सकाळचा एक तपशील, तिच्या कष्टाची जाणीव आणि त्याच दिवशी पुरे होणारे एक काम एवढ्यावर संदेश उभा आहे. अर्थात साबुदाणा खरोखर भिजलेला असला पाहिजे.

वेळ चुकली तरी संदेश वाया जातो. उत्तर भारतात वटसावित्रीचे व्रत अमावास्येला असते, आपल्याकडे ज्येष्ठ पौर्णिमेला. 2025 मध्ये ते अनुक्रमे 26 मे आणि 10 जून रोजी होते. त्यामुळे आयती चित्रे आधीच फिरू लागतात आणि घाईने पुढे ढकलणारा पती पंधरा दिवस आधीच शुभेच्छा देऊन मोकळा होतो. त्या दिवशीही ती वडाला दोरा गुंडाळत असताना फोन पिशवीत असतो. पूजा आटोपून ती निघाल्यावर पाठवलेला संदेश निवांतपणे वाचला जातो. घरच्या ग्रुपवर तो टाकू नये, कारण तिथे सासूबाई, नणंद आणि आत्यांच्या अंगठ्यांखाली तिला फक्त हात जोडलेले चिन्ह पाठवता येते.

आयता संदेश आधीच गेला असेल आणि उत्तरादाखल नुसते ‘धन्यवाद’ आले असेल, तर स्पष्टीकरणाचा दुसरा संदेश लिहीत बसू नये. तिच्या जेवणाच्या सुट्टीत फोन करावा आणि डोके दुखत आहे का, एवढे विचारावे.