पीपीटीचा व्हिडिओ करताय? आधी या चुका टाळा

आवाजासकट पीपीटीचा व्हिडिओ करून द्या, असं म्हणत माझ्याकडे येणारी माणसं बहुतेक एकच तक्रार घेऊन येतात. "एक्स्पोर्ट करताना आवाज कापला गेला." दहातल्या आठ वेळा एक्स्पोर्टचा काही संबंध नसतो. तो आवाज मुळात रेकॉर्डच झालेला नसतो.

पॉवरपॉइंट आवाजाची एक सलग फीत करत नाही. प्रत्येक स्लाइडचा तुकडा वेगळा असतो, म्हणून तर रेकॉर्डिंगनंतर प्रत्येक स्लाइडवर छोटा स्पीकर दिसतो. एका स्लाइडवरून दुसरीवर जाताना ट्रान्झिशन चालू असतं, तेवढ्या वेळात तुम्ही जे बोलाल ते कुठेच साठत नाही. आता मराठीची गंमत बघा. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि बोट मात्र वाक्य संपायच्या आधीच क्लिक करतं.

कोथरूडच्या एका सोसायटीचं रीडेव्हलपमेंट चाललं होतं. सेक्रेटरी काकांनी परगावच्या सभासदांसाठी पंचवीस मिनिटांचा व्हिडिओ केला. सातव्या स्लाइडच्या शेवटी ते म्हणाले होते, "पार्किंगसाठी वेगळे पैसे द्यावे लागणार नाहीत." क्लिक "लागणार"वर पडलं. ट्रान्झिशन दीड सेकंदाचं, हौसेने लावलेलं. "नाहीत" त्यात गेलं. ग्रुपवर रात्री अकरापर्यंत काय झालं ते सांगत नाही, पण काकांनी दुसऱ्या दिवशी सकाळी माझी बेल वाजवली.

मी आधी व्हिडिओ बघतच नाही. मूळ फाइल उघडायची, त्या स्लाइडवरच्या स्पीकरवर क्लिक करून ऐकायचं. शब्द तिथेही नसेल तर दोष रेकॉर्डिंगचा, मग शंभर वेळा एक्स्पोर्ट करा, काही होणार नाही. काकांना पंचवीस मिनिटं पुन्हा बोलायची होती. गरज नव्हती. सातव्या स्लाइडवर उभं राहून Record मधून From Current Slide घेतलं, वाक्य पुरं केलं, मनात "एक, दोन" म्हटलं आणि पुढे न जाता Stop दाबलं. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण पुढच्या स्लाइडवर गेलात तर तिचं चांगलं रेकॉर्डिंगही पुसलं जाईल. सगळ्या स्लाइड सलग रेकॉर्ड करत असाल, तर पुढची स्लाइड आली की तीही पूर्ण स्थिरावू द्यायची, मग तोंड उघडायचं. माझ्या फायलींत ट्रान्झिशन एक तर नसतं, नाहीतर साधं Fade. घनाकार गरागरा फिरवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

दुसरी लाडकी चूक म्हणजे रेकॉर्डिंग झाल्यावर ॲनिमेशनला हात लावणं. बोलताना तुम्ही जिथे जिथे क्लिक केलंत त्या वेळा स्लाइडमध्ये नोंदल्या जातात. काकांच्या बाराव्या स्लाइडवर चार मुद्दे होते, चार क्लिक नोंदलेले. भाड्याचा पाचवा मुद्दा तोंडी सांगितला होता, तो त्यांनी नंतर On Click लावून घातला. त्याची वेळ कुठे नोंदलेलीच नाही, मग तो भलत्याच क्षणी उगवणार. सरळ उपाय म्हणजे ती एक स्लाइड पुन्हा बोलणं. पण काकांचा घसा बसला होता, म्हणून पाचव्याला After Previous केलं. चौथा मुद्दा एकविसाव्या सेकंदाला येतो, त्याचं ॲनिमेशन अर्ध्या सेकंदाचं, आणि भाड्याचा उल्लेख सत्ताविसाव्या सेकंदाला. म्हणजे Delay साडेपाच सेकंद. चौथ्याच्या शेपटाला बांधला की तो हलत नाही.

एखादी स्लाइड पटकन पळून जात असेल तर तिला वेळच नोंदलेली नाही. अशा स्लाइडला Create a Video मधली Seconds spent on each slide ही वेळ लागते, आणि तिथे मुळात पाच सेकंद असतात. Slide Sorter मध्ये प्रत्येक स्लाइडखाली वेळ दिसते. जिच्याखाली काही नाही ती गुन्हेगार. अख्खा व्हिडिओच मुका निघाला तर त्याच पानावर Use Recorded Timings and Narrations निवडलंय का ते बघा. चित्रावर क्लिक केल्यावर उत्तर उघडतं, असली ट्रिगरची हौस आणि लिंका व्हिडिओत चालत नाहीत. तिथे क्लिक करणार कोण?

फोनवर सगळं एका दमात रेकॉर्ड करून ती एकच फाइल पहिल्या स्लाइडवर टाकणारेही भेटतात. वेळ वाचतो म्हणे. तिसऱ्या स्लाइडपासून आवाज पुढे आणि चित्र मागे, मग रात्र त्यातच जाते.

आणि गणपतीच्या आधीच्या महिन्यात संध्याकाळी रेकॉर्डिंगला बसू नका. नदीकाठचा ढोलांचा सराव काढून टाकणारं बटण मला अजून सापडलेलं नाही.

काकांचा व्हिडिओ मी आधी 480p मध्ये काढला, फक्त स्लाइड बदलतात त्या जागा ऐकल्या, मग 1080p ला लावला. खालची पट्टी पूर्ण भरेपर्यंत पॉवरपॉइंट बंद करायचं नाही, हेही सांगितलं. तरी काकांनी मध्येच लॅपटॉप मिटला.