प्रवर्तकांची खरेदी कळते कधी? वॉचलिस्ट बनवणाऱ्या नवशिक्यांसाठी

शाहूपुरीतल्या आमच्या ब्रोकिंग ऑफिसात दरवर्षी शिवाजी विद्यापीठातून कॉमर्स केलेली दोन-चार पोरं शिकायला येतात. त्यांना मी टीव्हीवरच्या टिप्सपासून लांब ठेवतो आणि पहिलं काम देतो ते इन्सायडर ट्रेडिंगच्या यादीचं. हे नाव ऐकून पोरं दचकतात. पण प्रवर्तकाने किंवा संचालकाने आपल्याच कंपनीचे शेअर घेणं बेकायदा नाही. भावावर परिणाम करणारी गुप्त माहिती हाताशी ठेवून घेणं बेकायदा आहे. नियमात राहून केलेली खरेदी सेबीच्या 2015 च्या नियमांप्रमाणे जाहीर करावी लागते आणि ती एनएसई, बीएसईच्या वेबसाइटवर कुणालाही फुकट बघता येते.

यंदाच्या एका पोराने आठवड्याभरात एक्सेल शीट करून आणली. प्रवर्तकाने घेतलेल्या दिवशी आपणही घ्यायचं आणि तीन महिने ठेवायचं, असा त्याचा हिशेब.

"सर, ह्यात तर लई रिटर्न दिसतोय की."

"तारीख कुठली धरलीस?"

"प्रवर्तकानं घेतली ती."

"त्या दिवशी तुला कुणी सांगितलं होतं?"

पोरगा हसला, पण त्याला मुद्दा कळला. या यादीच्या प्रत्येक ओळीत निदान तीन तारखा असतात: व्यवहार कुठल्या दिवसापासून कुठल्या दिवसापर्यंत झाला, कंपनीला कधी कळवलं आणि एक्स्चेंजवर कधी झळकलं. आपल्या कामाची फक्त शेवटची. पहिल्या तारखेचा भाव धरून हिशेब मांडणं म्हणजे गुळाच्या सौद्याचा दर दुसऱ्या दिवशी पेपरात वाचून, 'काल याच दराने माल उचलला' असं वहीत लिहिण्यासारखं आहे.

आता हा उशीर नेमका कुठे साठतो ते बघू. नियम असा की प्रवर्तक, संचालक किंवा कंपनीने ठरवलेल्या जबाबदार व्यक्तीचे त्या कॅलेंडर तिमाहीतले व्यवहार मिळून 10 लाख रुपयांच्या वर गेले, की दोन ट्रेडिंग दिवसांत त्यांनी कंपनीला कळवायचं. कंपनीने तिथून पुढे दोन ट्रेडिंग दिवसांत एक्स्चेंजला कळवायचं. पोरं दोन अधिक दोन चार असं पाठ करतात आणि थांबतात. खरा वेळ त्याच्याही आधी जातो, 10 लाखांचा आकडा ओलांडेपर्यंत.

उदाहरण घेऊ. कंपनी काल्पनिक, शिरोली एमआयडीसीतली एखादी छोटी लिस्टेड फाउंड्री समजा. प्रवर्तकाने सोमवारी 240 रुपयांनी 1,500 शेअर घेतले, म्हणजे 3.60 लाख. बुधवारी 244 ने आणखी 1,500, म्हणजे 3.66 लाख. इथपर्यंत एकूण 7.26 लाख होतात, त्यामुळे कुणाला काही सांगायचं बंधन नाही. शुक्रवारी 247 ने पुन्हा 1,500 घेतले आणि बेरीज 10.96 लाखांवर गेली. आता घड्याळ सुरू झालं. कंपनीला कळवायची मुदत पुढच्या मंगळवारपर्यंत आणि कंपनीने एक्स्चेंजला कळवायची मुदत गुरुवारपर्यंत. गुरुवारी संध्याकाळी बाजार बंद झाल्यावर ओळ झळकली, तर तुम्ही शुक्रवारी सकाळी ऑर्डर टाकणार. पहिल्या खरेदीपासून मोजलं तर हा दहावा ट्रेडिंग दिवस. मधे दिवाळी-पाडव्याच्या सुट्ट्या आल्या तर कॅलेंडरवर अंतर आणखी वाढतं, कारण मोजणी ट्रेडिंग दिवसांची आहे.

त्याची सरासरी पडली सुमारे 243.67. शुक्रवारी तुम्हाला शेअर 262 ला मिळाला तर तुम्ही साडेसात टक्के महाग घेतला. छोट्या शेअरमध्ये रोजची उलाढालच कमी असते, त्यामुळे ही वाढ काही अंशी प्रवर्तकाच्या स्वतःच्या खरेदीनेच झालेली असू शकते. त्याच्या कागदावरचा नफा तुमच्या वाट्याला येत नाही. म्हणून जुन्या डेटावर तपासताना झळकल्याच्या तारखेनंतरच्या पहिल्या सत्राचा भाव धरायचा. पोराने त्याच शीटमध्ये तेवढी एक तारीख बदलली तेव्हा निम्म्याहून जास्त जादू उडाली.

व्यवहार सगळे मुदतीच्या काठावरच जाहीर होतात असं नाही. डिमॅटमधले शेअर सांभाळणाऱ्या डिपॉझिटरीकडून माहिती थेट एक्स्चेंजला पोचवायची यंत्रणा आता आहे आणि ती नीट लावलेल्या कंपन्यांना 2021 पासून हाताने फॉर्म भरणं सक्तीचं उरलेलं नाही. तरीही 10 लाखांच्या आतली खरेदी त्यातूनही लगेच दिसेल अशी आशा धरू नका. आणि एक व्यवहार दोनदा दिसतो तेव्हा तो दुप्पट मोजू नका. दोन्ही एक्स्चेंजवर तीच ओळ असते, कधी सुधारित फॉर्म येतो, मोठा हिस्सा हलला असेल तर टेकओव्हर नियमाखालचा वेगळा खुलासाही येतो. व्यवहारानंतरची एकूण शेअरसंख्या जुळवली की पुनरावृत्ती लगेच पकडता येते.

आता चाळणी. यादीत सगळ्यात आधी बघायचा तो 'मोड' चा रकाना, म्हणजे शेअर आले कसे. मी फक्त बाजारातून केलेली खरेदी ठेवतो. ईसॉप, म्हणजे कंपनीने कर्मचाऱ्यांना दिलेले शेअर, हा पगाराचाच भाग. आपसातली बदली किंवा बक्षीस म्हणजे घरातल्या घरात नावं बदलणं. तारण ठेवणं किंवा सोडवणं हा कर्जाचा विषय, त्याची वेगळी यादी करा. प्रेफरेन्शियल वाटपात कंपनी निवडक लोकांना थेट नवे शेअर देते आणि त्याचा किमान भाव सूत्राने ठरतो, त्यामुळे त्यातून आजच्या भावाबद्दल फारसं कळत नाही. एवढं गाळलं की पानभर यादी बहुतेक वेळा मूठभर ओळींवर येते.

उरलेल्या ओळीत रक्कम कुणाच्या मानाने मोठी आहे ते बघायचं. वरच्या उदाहरणात कंपनीचे एकूण 1.2 कोटी शेअर असतील तर 4,500 म्हणजे 0.04 टक्क्यांहूनही कमी. वार्षिक अहवालात त्या प्रवर्तकाचं मानधन 90 लाख दिसलं, तर 11 लाख त्याच्यासाठी किरकोळ. तेच 25 लाख पगार असलेल्या फायनान्सच्या प्रमुखाने स्वतःच्या खिशातून 11 लाख घातले, तर मी थांबून वाचतो. त्यात त्याला सहा महिने उलटा व्यवहार करायची मनाई असते, म्हणजे आज घेऊन पुढच्या महिन्यात विकता येत नाही. वेगवेगळ्या घरांतल्या दोन-तीन माणसांनी त्याच सुमारास घेतलं असेल तर आणखी चांगलं. एकाच कुटुंबातल्या चार नावांना मात्र मी एकच माणूस धरतो.

प्रवर्तक नियंत्रण घट्ट करायलाही घेतात. 25 टक्क्यांच्या वर हिस्सा असलेल्याला ओपन ऑफर, म्हणजे बाकीच्या भागधारकांचे शेअर घ्यायचा जाहीर प्रस्ताव, न आणता एका आर्थिक वर्षात 5 टक्क्यांपर्यंत वाढवता येतं, त्यामुळे मार्चच्या तोंडावर दिसणारी खरेदी कधी कधी निव्वळ ती मर्यादा वापरण्यासाठी असते. ती भाव स्वस्त वाटला म्हणून झाली असेलच असं नाही.

महिन्याचं गणितही लक्षात ठेवा. तिमाही संपली की ट्रेडिंग विंडो, म्हणजे आतल्या माणसांना व्यवहाराची मुभा असलेली मुदत, बंद होते आणि निकाल लागून 48 तास झाल्यावर उघडते. वार्षिक निकालाला 60 दिवसांची मुदत असल्याने एप्रिल-मेमध्ये अनेक कंपन्यांत आतल्या माणसांना घेताच येत नाही. एप्रिलमध्ये यादी ओस पडलेली दिसली तर 'विश्वास उडाला' असा अर्थ काढू नका. आणि तिमाही संपल्यावर 21 दिवसांत येणाऱ्या शेअरहोल्डिंग पॅटर्नमध्ये प्रवर्तकांचा आकडा तुम्ही बेरीज केलेल्या ओळींशी जुळतो का ते पडताळा. न जुळल्यास बहुतेक वेळा 10 लाखांच्या आतली छोटी खरेदी किंवा तुम्ही गाळलेली एखादी बदली सापडते.