रुग्णालयातील भरतीची बीपीएमएन आकृती: उत्तर कोणाकडे आहे ते आधी ठरवा

भरतीच्या प्रक्रियेची बीपीएमएन आकृती, म्हणजे कामांचा क्रम ठरावीक प्रमाण चिन्हांनी दाखवणारी आकृती, काढताना बहुतेक जण चौकोनांपासून सुरुवात करतात: नोंदणी, बेड, डिपॉझिट, वॉर्ड. चौकोन सहसा बरोबरच येतात. चुका होतात त्या वर्तुळांत, हिऱ्याच्या आकारांत आणि तुटक रेघांत, म्हणजे इव्हेंट, गेटवे आणि मेसेज फ्लो यांत. तिन्हींमागे एकच प्रश्न असतो: या क्षणी पुढची वाट ठरवणारी माहिती आपल्या हातात आहे, की बाहेरच्या कोणाकडून यायची आहे?

इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत नेले आहे. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेसाठी भरती व्हायला सांगितले आहे, रुग्णाचा आरोग्य विमा आहे आणि त्याला कॅशलेस सोय हवी आहे. अपघात किंवा तातडीच्या रुग्णाची भरती याच आकृतीत कोंबू नका. तिथे उपचार आधी आणि नोंदणी नंतर असा क्रमच उलटतो, म्हणून तिची आकृती वेगळी काढावी. चिन्हे बीपीएमएन २.० या आवृत्तीची आहेत. ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे आयएसओ मानक झाली.

१. आधी पूल आखा

पूल म्हणजे प्रक्रियेत भाग घेणाऱ्या एकेका पक्षाचा आडवा पट्टा. असे तीन पूल काढा. वरचा ‘रुग्ण व नातेवाईक’, मधला ‘रुग्णालय’, खालचा ‘टीपीए’, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था. वरचा आणि खालचा पूल रिकामा ठेवा. टीपीएच्या कार्यालयात फाइल कोणाच्या टेबलावरून कुठे जाते हे आपल्याला दिसत नाही आणि आपल्या हातातही नाही, तेव्हा ते अंदाजाने काढू नये.

मधल्या पुलात तीन लेन, म्हणजे एकेका विभागाचे उपपट्टे, करा: ॲडमिशन काउंटर, इन्शुरन्स डेस्क, वॉर्ड. रेघांचा नियम इथेच ठरतो. सलग रेघ, म्हणजे सिक्वेन्स फ्लो, एका लेनमधून दुसऱ्या लेनमध्ये जाऊ शकते, पण पुलाची भिंत कधीही ओलांडत नाही. तुटक रेघ, म्हणजे मेसेज फ्लो, फक्त दोन वेगळ्या पुलांमध्येच असते. काउंटरने वॉर्डला फोन केला तरी ती तुटक रेघ नव्हे. दोघे एकाच पुलात आहेत, काम पुढच्या लेनमध्ये गेले एवढाच त्याचा अर्थ, आणि तो सलग रेघ सांगतेच.

२. सुरुवात आणि शेवट

सुरुवातीला पातळ कडेचे वर्तुळ काढून त्यात न रंगवलेले पाकीट ठेवा. हा मेसेज स्टार्ट इव्हेंट. नाव द्या ‘ॲडमिशन नोट मिळाली’. वरच्या पुलाच्या कडेपासून या वर्तुळापर्यंत तुटक रेघ ओढा. न रंगवलेले पाकीट म्हणजे निरोप येतो, रंगवलेले म्हणजे निरोप जातो.

शेवटी जाड कडेचे वर्तुळ: ‘रुग्ण वॉर्डात दाखल झाला’. डिस्चार्ज या आकृतीत आणू नका. ती निराळी प्रक्रिया आहे.

नावे देताना एक पद्धत पाळा. इव्हेंटचे नाव घडून गेलेल्या गोष्टीचे असावे (‘मंजुरी आली’), टास्कचे नाव करायच्या कामाचे (‘डिपॉझिट घ्या’), आणि गेटवेवर प्रश्न लिहून त्याची उत्तरे बाणांवर लिहावीत. टास्कचे नाव नुसते ‘मंजुरी’ असेल, तर ती मागायची की तिची वाट पाहायची, हे वाचणाऱ्याला कळत नाही.

३. दोन कामे एकाच वेळी

‘रुग्णाची नोंदणी करा’ हे पहिले टास्क. त्यानंतर बेडची सोय आणि पैशांची सोय ही दोन्ही कामे सुरू होतात, कोणीही कोणासाठी थांबत नाही. म्हणून इथे अधिकचे चिन्ह असलेला पॅरलल गेटवे काढा. पुढे दोन्ही वाटा दुसऱ्या पॅरलल गेटवेत मिळवा. दोन्हीकडची कामे संपल्यावरच तो पुढे सोडतो, आणि मग ‘रुग्णाला वॉर्डात न्या’.

फाटा ज्या चिन्हाचा, त्याच चिन्हाने जोड करायची. पॅरललने दोन वाटा काढून फुलीच्या, म्हणजे अनेकांपैकी एकच वाट उघडणाऱ्या एक्सक्लुझिव्ह गेटवेने जोडल्या, तर बेडची वाट आधी संपताच रुग्ण वॉर्डात जाईल आणि पैशांची वाट संपल्यावर त्याच रुग्णाला ‘पुन्हा’ वॉर्डात नेले जाईल. उलट, फुलीने फोडून अधिकने जोडले, तर जोडावरचा गेटवे कधीच न येणाऱ्या दुसऱ्या वाटेची वाट पाहत प्रक्रिया कायमची अडकवतो.

बेडच्या वाटेत ‘बेड पाहा’ हे टास्क आणि त्यानंतर ‘बेड रिकामा आहे?’ असा फुलीचा गेटवे. ‘हो’ असेल तर ‘बेड राखून ठेवा’. ‘नाही’ असेल तर थांबायचे आहे. इथे पाकिटाचे वर्तुळ चालणार नाही, कारण बेडची खबर आपल्याच पुलातून येते. दुहेरी कडेचे, आत ओळींचा कागद असलेले वर्तुळ काढा. हा कंडिशनल इव्हेंट, नाव ‘बेड रिकामा झाला’. पुढे ही वाट फुलीच्याच जोडाने ‘बेड राखून ठेवा’कडे वळवा.

४. टीपीएचे उत्तर: सर्वाधिक चुका इथेच

पैशांच्या वाटेत पहिला फुलीचा गेटवे: ‘कॅशलेस हवे?’ याचे उत्तर नोंदणीतच मिळालेले असते, म्हणून फुली योग्य. ‘नाही’ची वाट ‘डिपॉझिट घ्या’कडे जाते. ‘हो’ची वाट इन्शुरन्स डेस्कच्या लेनमध्ये ‘पूर्वपरवानगीचा अर्ज पाठवा’कडे, आणि तिथून तुटक रेघ खालच्या पुलाकडे.

यापुढे लगेच ‘मंजूर झाले?’ असा फुलीचा गेटवे काढणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक. गेटवे स्वतः काहीच ठरवत नाही. आधीच हाती असलेली माहिती पाहून तो एक वाट उघडतो. अर्ज नुकताच गेला आहे, उत्तर अजून टीपीएकडे आहे. त्या क्षणी फुलीच्या गेटवेला पाहण्यासारखे काहीच नसते.

इथे इव्हेंटवर आधारित गेटवे हवा. हिऱ्याच्या आत दुहेरी वर्तुळ आणि त्यात पंचकोन, असे त्याचे चिन्ह. त्यातून निघणाऱ्या बाणांवर अटी लिहायच्या नाहीत. प्रत्येक बाण थेट एका वाट पाहणाऱ्या इव्हेंटवर जातो. आपल्याकडे असे चार इव्हेंट आहेत: ‘मंजुरी आली’, ‘शंका आली’, ‘नकार आला’ आणि घड्याळाचे ‘एक तास झाला’. जे आधी घडेल ती वाट उघडते, बाकीच्या तिन्ही बंद होतात. पहिल्या तीन वर्तुळांवर खालच्या पुलातून तुटक रेघा येतात. घड्याळावर कोणतीच येत नाही, कारण वेळ कोणी पाठवत नाही. या चारही वर्तुळांत गेटवेखेरीज दुसरीकडून बाण आणू नका, तसा नियमच आहे.

एक तासच का? विमा नियामक आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या अर्जावर तो मिळाल्यापासून एका तासाच्या आत निर्णय द्यायचा आहे. आकृतीच्या सॉफ्टवेअरमध्ये हा अवधी असा लिहितात:

```
PT1H
```

आता चारही वाटा पुढे न्या. मंजुरी आली की वाट फुलीच्या जोडातून पॅरलल जोडाकडे. शंका आली तर ‘खुलासा पाठवा’ आणि तिथून बाण परत त्याच इव्हेंट गेटवेत. तास उलटला तर ‘टीपीएला फोन करा’ आणि पुन्हा तिथेच. गेटवेत परत आल्यावर घड्याळ नव्याने सुरू होते, हे ध्यानात ठेवा. मंजुरीपत्रात काही रक्कम रुग्णाकडून घ्यायला सांगितलेली असू शकते. ती तुमच्याकडे भरतीच्या वेळीच घेत असतील तर मंजुरीच्या वाटेवर एक टास्क वाढवा.

आकृती सॉफ्टवेअरवर प्रत्यक्ष चालवायची असेल तर इथे एक फट राहते. डेस्कवरचा माणूस फोनवर असताना मंजुरी आली, तर त्या क्षणी गेटवेपाशी कोणीच थांबलेले नसते आणि निरोप हुकू शकतो. अशा वेळी ‘टीपीएचे उत्तर घ्या’ असे एकच रिसीव्ह टास्क काढून त्याच्या कडेवर तुटक कडांचे घड्याळ लावा. तुटक कडा म्हणजे वाट पाहणे न थांबवता फोनचे काम बाजूने सुरू होते. उत्तर आल्यावर ते हातात असते, म्हणून त्यापुढे फुलीचा गेटवे चालतो. टीपीए सगळी उत्तरे एकाच नमुन्यात, आत फक्त शेरा बदलून पाठवत असेल, तर कागदावरच्या आकृतीतही हीच रचना अधिक साफ दिसते.

५. नकार, आणि निघून जाणारा रुग्ण

कॅशलेसला नकार म्हणजे विमाच नाकारला असे नव्हे. रुग्ण पैसे भरून नंतर परतफेडीचा दावा करू शकतो. म्हणून नकाराची वाट सरळ शेवटाकडे नेऊ नका. ‘नातेवाइकांना पर्याय विचारा’ हे टास्क घाला आणि त्यापासून वरच्या पुलाकडे जाणारी व येणारी अशा दोन तुटक रेघा काढा. उत्तर टास्कमध्येच मिळाले, तेव्हा त्यानंतर ‘भरती हवी?’ हा फुलीचा गेटवे बरोबर. ‘हो’ची वाट ‘डिपॉझिट घ्या’च्या आधीच्या फुलीच्या जोडाला मिळते.

‘नाही’चे काय? तिथे साधे जाड वर्तुळ काढून मोकळे झाले, तर दुसऱ्या वाटेने बेड राखला जातो, पॅरलल जोड पैशांच्या वाटेसाठी थांबून राहतो, आणि रुग्ण घरी गेल्यावरही बेड अडकलेलाच. आत भरीव वर्तुळ असलेला टर्मिनेट इव्हेंट वापरला, तर प्रक्रिया झटक्यात संपते, पण राखलेला बेड कोणी सोडत नाही.

उपाय असा: पॅरलल फाट्यापासून जोडापर्यंतचा सगळा भाग ‘भरतीची तयारी करा’ या सबप्रोसेसमध्ये घ्या. सबप्रोसेसला आत स्वतःचे साधे सुरुवातीचे आणि शेवटचे वर्तुळ द्या. ‘नाही’च्या वाटेवर वीजचिन्हाचा एरर एंड इव्हेंट ठेवा: ‘भरती रद्द झाली’. सबप्रोसेसच्या कडेवर तसेच वीजचिन्ह असलेले दुहेरी वर्तुळ लावा. आत रद्द होताच दोन्ही वाटा थांबतात आणि या वर्तुळातून बाण ‘राखलेला बेड सोडा’कडे जातो, मग शेवट. बेड राखलाच नसेल तर त्या टास्कमध्ये करायला काही उरत नाही.

६. नाणे फिरवून पाहा

आकृती छापून घ्या आणि सुरुवातीच्या वर्तुळावर एक नाणे ठेवून प्रवास करा. पॅरलल फाट्यावर एकाची दोन नाणी होतात, जोडावर पुन्हा एक. निदान तीन प्रवास करा. मंजुरी वीस मिनिटांत आली पण बेड संध्याकाळी रिकामा झाला: पैशांचे नाणे जोडावर शांतपणे थांबले पाहिजे. दोनदा शंका आली आणि मग मंजुरी: नाणे दोनदा गेटवेत परतले, पण बेडच्या वाटेला धक्का लागला नाही. तिसरा प्रवास नकार आणि रद्दचा: शेवटी आकृतीवर एकही नाणे उरता कामा नये. कुठे नाणे उरले किंवा ‘रुग्णाला वॉर्डात न्या’वर दुसरे नाणे आले, तर सर्वांत जवळचा जोड तपासा, दोष बहुधा तिथेच सापडतो.

मग प्रत्येक पाकिटाच्या वर्तुळावर बोट ठेवा आणि त्याला दुसऱ्या पुलातून येणारी किंवा जाणारी तुटक रेघ आहे का ते पाहा. रेघ नसेल तर तो निरोप कोणाचा हेच अजून ठरलेले नाही, आणि त्याचे उत्तर इन्शुरन्स डेस्कवर बसणाऱ्या माणसाला विचारल्याशिवाय मिळणार नाही.