कामाची किंमत ठरवायची कशी: क्रमवारी, गुण आणि तो फसवा रेषेचा टप्पा

रबाळे एमआयडीसीत अकरा प्रकारची कामं असलेलं एक मशिन शॉप धरूया. हेल्परपासून टूलमेकरपर्यंत. पगार वर्षानुवर्षं जसा जमेल तसा ठरत गेलाय, युनियनचा करार संपत आलाय आणि मालक म्हणतात, "एकदा हे सगळं पद्धतशीर करून टाका." ठाणे-बेलापूर पट्ट्यात हे काम मी बऱ्याचदा केलंय. प्रत्येक कामाची लिखित माहिती तुमच्याकडे आहे आणि समितीत कामगारांचे दोन प्रतिनिधी आहेत, असं गृहीत धरतो. ते नसेल तर पुढचं वाचून उपयोग नाही.

आधी क्रमवारी, पण फक्त पडताळ्यासाठी

अकरा पुठ्ठ्यांवर अकरा कामांची नावं लिहा. दोन-दोन पुठ्ठे समोर ठेवून विचारत जा, "यातलं जास्त मोलाचं काम कोणतं?" एकूण पंचावन्न जोड्या होतात. कॅन्टीनमध्ये बसून दीड तासात उरकतं. ज्या कामाने जास्त जोड्या जिंकल्या ते वर. हा कागद पाकिटात बंद करून ठेवा, तो पुढे लागणार आहे. क्रमवारीवरून थेट पगार मात्र ठरवू नका. वेल्डर फिटरच्या खाली आहे हे ती सांगते, किती खाली आहे हे सांगत नाही.

घटक तुलना: मी अर्धीच वापरतो

ही पद्धत 1926 मध्ये फिलाडेल्फियाच्या ट्राम कंपनीत युजीन बेंज यांनी मांडली. ज्यांच्या पगाराबद्दल कोणाची तक्रार नाही अशी मूळ कामं निवडायची आणि त्यांचा पगार कौशल्य, बुद्धी, शारीरिक श्रम, जबाबदारी, परिस्थिती अशा घटकांत रुपयांनी वाटायचा. बाकीची कामं मग या मोजपट्टीला लावून बघायची. अडचण अशी की मोजपट्टीच रुपयांची आहे. आपल्याकडे किमान वेतनावरचा विशेष भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो, म्हणजे पट्टी वर्षातून दोनदा जुनी होते. शिवाय कामगाराला ती समजावून सांगताना माझीच जीभ अडखळते.

पण तिच्यातली एक युक्ती मी सोडत नाही. इलेक्ट्रिशियनच्या 27,200 मधले किती कौशल्याचे आणि किती जबाबदारीचे, हे तिघांना वेगवेगळं लिहायला सांगतो, आणि इतर मूळ कामांचंही तसंच करतो. मग प्रत्येक घटकात रुपयांनी लागलेला क्रम आणि नुसत्या विचाराने लावलेला क्रम शेजारी ठेवतो. जिथे दोन्ही जुळत नाहीत, ते काम मोजमापाचा आधार म्हणून वापरायचं नाही. पुढे रेषा काढताना हे फार कामाला येतं.

गुण देणं सोपं आहे

चार घटक, एकूण 500 गुण: कौशल्य 200, जबाबदारी 150, श्रम 75, परिस्थिती 75. प्रत्येक घटकाला पाच पायऱ्या, सारख्या अंतराच्या. म्हणजे कौशल्याची एक पायरी 40 गुणांची, श्रमाची 15 गुणांची. पायरीचं वर्णन बघण्याजोगं हवं. "चांगलं कौशल्य" असं लिहू नका, "ड्रॉइंग वाचून स्वतः सेटिंग करतो" असं लिहा. आणि खुर्चीतला माणूस विसरा. चर्चेत माणसाचं नाव निघालं की मी समितीला चहाला पाठवतो.

आमच्या उदाहरणात गुण असे आले: हेल्पर 175, पॅकर 175, फोर्कलिफ्ट चालक 245, स्टोअरकीपर 245, मशिन ऑपरेटर 270, सीएनसी ऑपरेटर 285, तपासनीस 300, वेल्डर 315, टूलमेकर 365, फिटर 370, इलेक्ट्रिशियन 370.

आता खरं संकट: रेषा आणि श्रेण्या

इंटरनेटवर इथे एक ओळ असते: "गुण आणि पगार आलेखावर मांडा, रेषा काढा, सारख्या श्रेण्या पाडा." या ओळीने मला दोनदा तोंडघशी पाडलंय.

पहिल्यांदा रेषेत. पगार म्हणजे बेसिक आणि महागाई भत्ता, एकाच महिन्याचा. ओव्हरटाइम, हजेरी भत्ता, रात्रपाळीचा भत्ता बाहेर. एवढं मी पाळलं होतं. पण पगारपत्रकात जे होतं ते सगळं रेषेत घातलं. त्यात स्टोअरकीपर होते, बावीस वर्षं नोकरी, पगार 34,000. त्या पगारात स्टोअरच्या कामाची किंमत थोडी होती, बाकी बावीस वर्षांची वाढ होती. बाजारात नवा स्टोअरकीपर 21,000 ला मिळत होता.

फरक किती पडतो ते आकड्यांतच बघा. आकडे सोपे केलेत, हिशोब खरा आहे. मूळ कामं पाच: हेल्पर 17,600, स्टोअरकीपर 21,000, मशिन ऑपरेटर 22,100, तपासनीस 23,900, इलेक्ट्रिशियन 27,200. शीटमध्ये A2 ते A6 मध्ये गुण आणि B2 ते B6 मध्ये पगार टाका:

```
=SLOPE(B2:B6, A2:A6)
=INTERCEPT(B2:B6, A2:A6)
```

उतार साधारण 49.5 येतो आणि सुरुवात 8,900 च्या आसपास. म्हणजे एका गुणाला जवळपास पन्नास रुपये. आता 21,000 च्या जागी 34,000 लिहा. उतार घसरून 32.4 होतो आणि सुरुवात 16,100 वर जाते. या रेषेप्रमाणे हेल्परला सुमारे 21,800 मिळायला हवेत, आजच्यापेक्षा चार हजारांनी जास्त. आणि हेल्पर-इलेक्ट्रिशियनमधलं अंतर साडेनऊ हजारांवरून सव्वासहा हजारांवर येतं. एका माणसाच्या सेवाकाळाने अख्ख्या कारखान्यातलं कौशल्य स्वस्त केलं. मी तो तक्ता घेऊन मालकांसमोर बसलो होतो, आणि दोन मिनिटांत त्यांच्याच हिशेबनीसाने चूक दाखवली.

म्हणून रेषा फक्त मूळ कामांवरच काढायची, आणि त्या कामाचा चालू दर घ्यायचा, माणसाचा पगार नाही. नंतर एकेक बिंदू काढून रेषा पुन्हा काढून बघा. एक बिंदू काढल्यावर उतार बराच हलला, तर तो बिंदू संशयित. आमची रेषा मी गोळाबेरीज करून 8,750 अधिक गुणाला 50 रुपये अशी ठरवली.

दुसऱ्यांदा फसलो ते श्रेण्यांत. 160 पासून सत्तर-सत्तर गुणांच्या श्रेण्या पाडल्या: 160 ते 229, 230 ते 299, 300 ते 369, मग 370 पासून पुढे. कागदावर देखण्या दिसत होत्या. त्यात टूलमेकर 365 ला अडकला तिसऱ्या श्रेणीत आणि फिटर 370 ला चौथ्या. तक्ता फलकावर लागल्यावर टूलरूममधले काका सरळ माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "साहेब, मी टूल बनवतो तेव्हा मशिन चालतं. ते बंद पडलं की फिटर येतो. मग मी खाली कसा?" पाच गुण, एवढंच उत्तर होतं माझ्याकडे, आणि ते उत्तर नव्हतंच.

कारण हे मोजमाप पाच गुणांइतकं बारीक नाही. त्याच कामाला दुसऱ्या समितीने एका घटकात एक पायरी वर-खाली दिली तरी 15 ते 40 गुण हलतात. तेव्हा जिथे गुणांची गर्दी आहे तिथून सीमारेषा नेऊच नका. ती मोकळ्या जागेतून न्या. आमच्या यादीत 175 आणि 245 च्या मध्ये सत्तर गुण मोकळे आहेत, 315 आणि 365 च्या मध्ये पन्नास. तिथे 210 आणि 340 वर सीमा बेधडक घातल्या.

245 आणि 270 मधले पंचवीस गुण मात्र संशयाचे. तिथे सीमा घालायची तर पुरावा लागतो. मी दोन गोष्टी करतो. सीमेच्या दोन्ही बाजूंची कामं अशा लोकांकडून पुन्हा गुणांकित करतो ज्यांनी पहिले गुण बघितलेले नाहीत. आणि आता ते क्रमवारीचं बंद पाकीट उघडतो. आमच्याकडे फोर्कलिफ्ट चालक आणि स्टोअरकीपर ही दोन्ही कामं दुसऱ्या समितीतही खाली आली आणि पंचावन्न जोड्यांच्या निकालातही खालीच होती. म्हणून 257 वर सीमा ठेवली, आणि 210, 257, 340 या तीन सीमांनी चार श्रेण्या झाल्या. तसं झालं नसतं तर मी दोन श्रेण्या एकत्र केल्या असत्या, युनियनला चार श्रेण्या हव्या असल्या तरी.

रुपयांचे पट्टे

श्रेणीच्या मधल्या गुणांवरचा रेषेचा पगार हा तिचा मध्य. तिसऱ्या श्रेणीचा मध्य साधारण 300 गुण, म्हणजे 23,750. किमानापेक्षा कमाल तीस टक्के जास्त ठेवली तर पट्टा होतो 20,650 ते 26,850. चौथ्या श्रेणीचा मध्य 370 धरून 27,250, म्हणून पट्टा 23,700 ते 30,800. दोघांची सरमिसळ 3,150 ची. जुना वेल्डर नव्या फिटरपेक्षा जास्त घेतो, आणि घेऊ दे. सरमिसळ वरच्या श्रेणीच्या निम्म्या पट्ट्यापेक्षा जास्त झाली तर मात्र बढतीला अर्थ उरत नाही. तेव्हा पट्टे अरुंद करा.

पहिल्या श्रेणीची किमान रक्कम राज्याच्या किमान वेतनाशी ताडून बघाच, आणि पुढच्या सहामाहीच्या भत्त्यानंतरही ती वर राहील एवढी जागा सोडा.

आता माणसं पट्ट्यात बसवायची. किमान रकमेच्या खाली असलेल्याला पहिल्याच महिन्यात वर ओढा, हप्त्याहप्त्याने नको. आमच्याकडे पॅकिंगच्या बायका 14,900 वर होत्या आणि हेल्पर 17,600 वर, गुण मात्र दोघांचे 175. हेल्पर जड उचलतो, पॅकर पार्टीकडे जाणाऱ्या मालाची मोजणी आणि लेबल सांभाळते. समान पगाराचा कायदा एकाच किंवा सारख्या कामाबद्दल बोलतो, त्यामुळे पॅकिंग वेगळं काम म्हणून आधी कोणी बोललंच नव्हतं. पहिल्या श्रेणीची किमान रक्कम 15,200 होती. तेवढ्यावर आणून थांबू नका, असं मी मालकांना सांगितलं. थोडी कुरकुर झाली, पण त्या 16,500 वर आल्या.

आणि 34,000 वाले स्टोअरकीपर? त्यांच्या श्रेणीची कमाल 23,100. त्यांचा पगार कमी करायचा नाही. सेवाशर्ती कामगाराच्या विरुद्ध बदलायच्या तर कायद्याने एकवीस दिवसांची नोटीस लागते आणि वाद ठरलेला, शिवाय चूक त्यांची नाही. जास्तीचे 10,900 पगारपत्रकात "व्यक्तिगत वेतन" म्हणून वेगळे दाखवा. आमच्याकडे करारातच लिहून घेतलं की ही रक्कम त्या माणसाची आहे, जागेची नाही. त्यांच्यानंतर जो येईल तो पट्ट्यातच येईल. ते कलम त्यांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला आणि एकच विचारलं, "म्हणजे माझं कमी होणार नाही ना?" नाही म्हणालो, आणि त्यांनी सही केली.